डॉलरच्या खात्यातून वर्षभर खर्च केला, आता 31 मार्चला रिव्हॅल्युएशन कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आमचं अकाउंटिंगचं ऑफिस आहे. परसोडीच्या आयटी पार्कमधली छोटी सॉफ्टवेअरवाली मंडळी, बाहेर माल पाठवणारे एक्सपोर्टर, असे बरेच जण ईईएफसी खातं ठेवतात, म्हणजे एक्सपोर्टचे डॉलर रुपयात न बदलता डॉलरमध्येच ठेवायचं चालू खातं. एप्रिल-मे आला की सगळ्यांचा अडकण्याचा मुद्दा एकच असतो. खात्यात नुसते डॉलर पडून असतील तर हिशोब सोपा, पण त्याच खात्यातून खर्च दिला असेल तर गेन-लॉस किती हे कोणालाच नीट जमत नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

मुळात रिव्हॅल्युएशन करायचंच का? डॉलर तर डॉलरच आहेत ना?

खात्यात डॉलर आहेत पण आपली पुस्तकं रुपयात आहेत. बँक बॅलन्स ही मॉनेटरी आयटम, म्हणजे ठराविक पैशात मिळणारी गोष्ट, आणि एएस 11 हे अकाउंटिंग स्टँडर्ड सांगतं की मॉनेटरी आयटम ताळेबंदाच्या तारखेला क्लोजिंग रेटने दाखवायची आणि फरक त्याच वर्षाच्या पी अँड एलला न्यायचा. परदेशी सप्लायरला दिलेला ॲडव्हान्स, ज्याच्या बदल्यात माल किंवा सर्व्हिस येणार आहे, तो मॉनेटरी नाही, त्याला हात लावायचा नाही. बँकेला मात्र लावायचाच.

खर्चाची एन्ट्री कोणत्या रेटने करायची? डॉलर ज्या रेटने आले त्या की खर्चाच्या दिवशीच्या?

खर्चाच्या दिवशीच्या. सगळी गडबड इथूनच सुरू होते म्हणून जरा थांबून वाचा. समजा डॉलर 83 ला आला आणि ज्या दिवशी सर्व्हरचं बिल भरलं त्या दिवशी डॉलर 84 होता. तर आपण 84 रुपयांची वस्तू खर्च केली. खर्च 84 ने डेबिट, बँक 84 ने क्रेडिट. मधला एक रुपया डॉलर धरून ठेवल्यामुळे मिळालाय, तो खर्च कमी झाला म्हणून नाही, तो फॉरेक्स गेन आहे.

रोज व्यवहार असतील तर प्रत्येक दिवसाचा रेट शोधत बसायची गरज नाही. रेटमध्ये फार चढउतार नसेल तर एएस 11 आठवड्याचा किंवा महिन्याचा ॲव्हरेज रेट चालवून घेतं. अख्ख्या वर्षाचा ॲव्हरेज मात्र मी कोणाला लावू देत नाही, वर्षात डॉलर दोन-तीन रुपये सहज हलतो.

एक पूर्ण उदाहरण दाखवा ना, आकड्यांसकट.

दाखवतो. रेट हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत, ते खऱ्या तारखांचे समजू नका.

1 एप्रिलला खात्यात 10,000 डॉलर, मागच्या वर्षीचा क्लोजिंग रेट 83, म्हणजे पुस्तकात 8,30,000 रुपये. एप्रिलमध्येच सर्व्हरचं वर्षाचं बिल भरलं, 10,000 डॉलर, त्या दिवशी रेट 84, म्हणजे बँक क्रेडिट 8,40,000. आता थांबून लेजर बघा. डॉलर शून्य आणि रुपयात 10,000 क्रेडिट बॅलन्स! खात्यात काहीच नाही तरी पुस्तकात बँक ओव्हरड्राफ्टसारखी दिसतेय. घाबरू नका, ते 10,000 म्हणजे अजून नोंद न झालेला फॉरेक्स गेन आहे.

सप्टेंबरमध्ये क्लायंटकडून 15,000 डॉलर आले, रेट 85, म्हणजे 12,75,000. ऑक्टोबरमध्ये परदेशातल्या डिझायनरला तेच 15,000 डॉलर दिले, रेट 86, म्हणजे 12,90,000. पुन्हा डॉलर शून्य, आणि रुपयात आता क्रेडिट 25,000. मग मार्चमध्ये 5,000 डॉलर आले 84.50 ने, म्हणजे 4,22,500. वर्षअखेर खात्यात 5,000 डॉलर आणि पुस्तकात 4,22,500 वजा 25,000, म्हणजे 3,97,500 रुपये.

क्लोजिंग रेट 85.50. 5,000 डॉलरची किंमत 4,27,500. पुस्तकात 3,97,500. फरक 30,000, हा तुमचा फॉरेक्स गेन. एन्ट्री एकच: बँक डेबिट 30,000, फॉरेक्स गेन क्रेडिट 30,000.

एक्सेलमध्ये करत असाल तर B10 मध्ये शिल्लक डॉलर, C1 मध्ये क्लोजिंग रेट आणि D10 मध्ये लेजरचा रुपयातला बॅलन्स ठेवा:

```
=B10*C1-D10
```

पण 3,97,500 भागिले 5,000 म्हणजे 79.50 येतं. हा रेट तर वर्षभरात कधी आलाच नाही! काहीतरी चुकलंय ना?

हा प्रश्न आमच्याकडच्या एका आर्टिकलशिपवाल्या मुलीने विचारला होता, लेजर प्रिंट करून त्यावर पेनाने गोल करून आणला. "सर, डॉलर 83 च्या खाली गेलाच नाही, मग 79.50 कुठून आला?" मला तिचं कौतुक वाटलं कारण बहुतेक लोक हे बघतसुद्धा नाहीत.

काही चुकलेलं नाही. 79.50 हा रेट नाहीच. लेजरमधल्या रुपयात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्यात, आत आलेले डॉलर त्या दिवसाच्या रेटने, बाहेर गेलेले त्यांच्या दिवसाच्या रेटने, आणि वर्षाच्या मध्ये नोंद न केलेला गेन. बाहेर जाताना डॉलर महाग असेल तर लेजरमधून रुपये जास्त जातात आणि उरलेल्या डॉलरच्या वाट्याला कमी रुपये राहतात, म्हणून असा विचित्र भाव दिसतो. रुपया मजबूत होत गेला असता तर उलटं झालं असतं, भाव खऱ्या रेटपेक्षा वर दिसला असता आणि शेवटी लॉस निघाला असता.

मी तिला 30,000 तोडून दाखवले. पहिले 10,000 डॉलर 83 ला होते, 84 ला खर्च झाले, 10,000 रुपये गेन. नंतरचे 15,000 डॉलर 85 ला आले, 86 ला गेले, 15,000 रुपये गेन. मार्चचे 5,000 डॉलर 84.50 ला आले, 85.50 ला उरले, 5,000 रुपये गेन. बेरीज 30,000. पहिले 25,000 खरंच हातात आलेले, शेवटचे 5,000 अजून कागदावरचे. पी अँड एलला दोन्ही सारखेच जातात, वेगळे दाखवायचीही सक्ती नाही, पण मालकाने विचारलं तर हा तुकडा तयार ठेवा.

आमच्या अकाउंटंटने शिल्लक डॉलर गुणिले रेटमधला फरक असं काढलंय. ते का चालत नाही?

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. वरच्या उदाहरणात कोणी करतं 5,000 गुणिले 85.50 वजा 83, म्हणजे 12,500. कोणी शेवटच्या रिसीटचा रेट धरतं, 85.50 वजा 84.50, म्हणजे 5,000. दोन्ही चूक, कारण दोन्हीमध्ये वर्षात खर्च झालेल्या 25,000 डॉलरवरचा गेन सापडतच नाही. हे सूत्र फक्त तेव्हाच बरोबर येतं जेव्हा वर्षभर खात्याला कोणी हात लावलेला नसतो.

चूक झालीये का हे कळायला एकच कसोटी आहे आणि ती अर्ध्या मिनिटाची आहे. एन्ट्री टाकल्यावर लेजरचे रुपये भागिले डॉलर करा. बरोबर क्लोजिंग रेट आला पाहिजे. 12,500 टाकले तर बॅलन्स 4,10,000 होतो, भागिले 5,000 म्हणजे 82, चूक. 5,000 टाकले तर 80.50, चूक. 30,000 टाकले तर 85.50, हेच पाहिजे. आणि खात्यात डॉलर शून्य असतील तर रुपयेसुद्धा शून्य झाले पाहिजेत, एक पैसा उरायला नको. वर्षअखेर खातं रिकामं आहे म्हणून रिव्हॅल्युएशनची गरज नाही असं म्हणून लोक सोडून देतात आणि तो क्रेडिट बॅलन्स तीन-तीन वर्षं तसाच फिरत राहतो, असं एक लेजर मी स्वतः साफ केलंय, फार त्रास होतो.

डॉलर ज्या रेटने आले त्याच रेटने खर्च टाकला तर काय बिघडतं? शेवटी नफा तर तोच येतो.

खरं आहे, सगळा खर्च पी अँड एलला जाणारा असेल तर निव्वळ नफा तोच येतो. वरच्या उदाहरणात तसं केलं तर खर्च 25,000 ने कमी दिसतो आणि गेन 30,000 ऐवजी 5,000 दिसतो, फरक मिटतो. पण सर्व्हरचा खर्च आणि डिझायनरचा खर्च चुकीचा दिसतो आणि पुढच्या वर्षी तुलना करताना कोणालाच समजत नाही.

खरा घोळ तेव्हा होतो जेव्हा पैसे खर्चाला नाही तर मशीनला जातात. समजा ऑक्टोबरचे 15,000 डॉलर डिझायनरला न देता बुटीबोरीच्या युनिटसाठी मशीनला दिले. खरी किंमत 12,90,000. जुन्या 85 ने टाकली तर मशीन 12,75,000 ला दिसतं आणि 15,000 चा गेन गायब होतो. मग नफा 15,000 ने कमी, मशीन 15,000 ने कमी, आणि घसारा पुढची कित्येक वर्षं चुकीच्या आकड्यावर. हे नंतर दुरुस्त करायला गेलं की जुनी सगळी वर्षं उघडावी लागतात.

बिल आधी बुक केलं होतं आणि पेमेंट नंतर केलं. मग फरक कुठे जाणार?

तेव्हा दोन लेजरमध्ये दोन वेगळे फरक निघतात आणि लोक त्यांना एकच समजतात. डिझायनरचं 15,000 डॉलरचं बिल 20 सप्टेंबरला 85.40 ने बुक केलं असं धरा, खर्च 12,81,000 आणि तेवढंच क्रेडिटरला. ऑक्टोबरमध्ये 86 ने दिले म्हणजे 12,90,000. क्रेडिटरच्या लेजरमध्ये 9,000 चा लॉस निघतो, तो पेमेंटच्या दिवशीच फॉरेक्स लॉसला टाकून लेजर शून्य करा. बँकेतला 15,000 चा गेन आपल्या जागी तसाच राहतो. डॉलर महाग झाला, देणं वाढलं पण हातातल्या डॉलरचीही किंमत वाढली, म्हणून एका हाताने गेलं आणि दुसऱ्याने आलं. आधी देणी आणि येणी दोन्हीचे लेजर साफ करा, मग बँकेला हात लावा, उलट केलं तर कोणता फरक कोणाचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

क्लोजिंग रेट नेमका कोणता घ्यायचा? बँकेने वेगळा दिलाय, गुगलवर वेगळा दिसतो.

आम्ही एफबीआयएलचा, म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेचा रेफरन्स रेट घेतो. 2018 च्या जुलैपासून रिझर्व्ह बँकेऐवजी एफबीआयएल हा रेट काढते, डॉलर, युरो, पौंड, येनचा रोजचा रेट मिळतो. येनचा रेट 100 येनला असतो हे लक्षात ठेवा, नाहीतर बॅलन्स शंभर पटीने फुगतो.

31 मार्चला सुट्टी असेल तर आधीचा शेवटचा जाहीर झालेला रेट. 31 मार्च 2024 ला रविवार होता आणि 29 तारखेला गुड फ्रायडे, म्हणून आम्ही 28 मार्चचा घेतला. बँकेच्या बॅलन्स सर्टिफिकेटवर रुपयातली किंमत असते ती बऱ्याचदा बँकेच्या स्वतःच्या रेटने असते, त्यावरचे डॉलर घ्या, रुपये नका घेऊ. आणि जो रेट बँकेला तोच डेटर आणि क्रेडिटरलाही, दरवर्षी तोच स्रोत. गेन कमी-जास्त दिसावा म्हणून दरवर्षी रेट बदलणाऱ्यांना ऑडिटर लगेच पकडतो आणि पकडायलाच पाहिजे.

ईईएफसीमधून चालू खात्यात डॉलर रुपये करून घेतले, ती एन्ट्री कशी?

बँकेने प्रत्यक्ष जेवढे रुपये दिले तेवढ्याने. 2,000 डॉलर 85.10 ने बदलले तर 1,70,200 चालू खात्याला डेबिट, ईईएफसीला तेवढेच क्रेडिट. बँकेचा भाव रेफरन्स रेटपेक्षा कमी असतो, तो फरक आपोआप वर्षअखेरच्या गेनमध्ये कमी होऊन दिसतो, वेगळी एन्ट्री लागत नाही. कन्व्हर्जन चार्ज आणि त्यावरचा जीएसटी मात्र वेगळा टाका.

जाता जाता एक, ईईएफसीत एका महिन्यात जमा झालेले डॉलर पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत रुपयात बदलावे लागतात, मंजूर कामाचा खर्च किंवा आधी ठरलेली देणी वजा करून जे उरतं ते. वरच्या उदाहरणात प्रत्येक वेळी डॉलर लगेच खर्च झालेत ते म्हणूनच. वर्षानुवर्षं डॉलर तसेच पडून दिसत असतील तर रिव्हॅल्युएशनच्या आधी बँकेला विचारा.

टॅलीत `Unadjusted Forex Gain/Loss` असं बॅलन्स शीटवर येतंय, ते कसं काढायचं?

ते येतंय म्हणजे टॅलीने फरक ओळखलाय, एन्ट्री तुमची बाकी आहे. आधी डॉलर करन्सीत 31 मार्चचा स्टँडर्ड रेट टाका. मग जर्नल व्हाउचर टाइप ऑल्टर करून त्यात एक क्लास बनवा आणि `Use Class for Forex Gain/Loss Adjustments` ला Yes करा. आता 31 मार्चच्या तारखेने तोच क्लास निवडून जर्नल टाका, बँकेचं लेजर घेतलं की फरकाचा आकडा समोर येतो, समोर फॉरेक्स गेन-लॉसचं लेजर द्या. साध्या जर्नलने टाकायला गेलात तर डॉलरचा बॅलन्सही हलू शकतो, म्हणून क्लासच वापरा.

आणि हे करायच्या आधी, कृपा करून, डॉलरचा बॅलन्स बँक स्टेटमेंटशी जुळवा. रुपये नंतर. बहुतेक वेळा 15-20 डॉलरचा फरक असतो, मधल्या बँकेने कापलेले चार्जेस टाकायचे राहिलेले असतात. एका क्लायंटकडे 18 डॉलर जुळत नव्हते, त्यांनी ते "रेटचा फरक असेल" म्हणून सोडले. रेटमुळे रुपये बदलतात भाऊ, डॉलर कधीच बदलत नाहीत! डॉलर जुळत नसेल तर एन्ट्री राहिलीये, हे शंभर टक्के.

या गेनवर टॅक्स लागतो का? पैसे तर हातात आले नाहीत.

धंद्याच्या चालू खात्यावर लागतो आणि लॉस असेल तर तो वजाही मिळतो. 1961 च्या कायद्यात यासाठी कलम 43एए आहे, हिशोब आयसीडीएस 6 या आयकराच्या हिशोबाच्या स्टँडर्डप्रमाणे. त्याआधी 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने वुडवर्ड गव्हर्नरच्या केसमध्ये वर्षअखेरचा असा लॉस मान्य केला होता. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आहे आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे जुन्या नोट्समधून नंबर कॉपी करू नका.

टीडीएस आणि जीएसटीला पण हाच रेट?

नाही. परदेशी माणसाला पैसे देताना टीडीएससाठी स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट लागतो. बाहेरून घेतलेल्या सर्व्हिसवर आरसीएमचा, म्हणजे घेणाऱ्यानेच भरायचा जीएसटी भरताना टाइम ऑफ सप्लायच्या तारखेचा, अकाउंटिंगच्या नियमाने निघणारा रेट. त्यामुळे एकाच बिलाचे तीन कागदांवर तीन रुपये-आकडे दिसू शकतात आणि ते तिन्ही बरोबर असू शकतात. एक छोटी शीट ठेवा, बिल नंबर आणि तिन्ही रेट समोरासमोर, नोटीस आली तर हेच कामाला येतं.

1 एप्रिलला ही एन्ट्री उलटी करायची का?

बँकेच्या खात्याला करू नका. आपल्या उदाहरणात 1 एप्रिलला 5,000 डॉलर 4,27,500 ला उघडतात, म्हणजे 85.50 चा डॉलर, आणि पुढच्या वर्षाचा हिशोब तिथूनच चालू होतो. काही मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो रिव्हर्सल चालू असतं, तिथे 30,000 उलटे झाले की नव्या वर्षाची सुरुवात परत त्या 79.50 वर होते. वर्षअखेर पुन्हा पूर्ण रिव्हॅल्युएशन केलं तर ते मिटतं, पण मधल्या महिन्यांचे रिपोर्ट बघणाऱ्याला एप्रिलमध्येच 30,000 चा लॉस दिसतो, आणि त्यातले 25,000 तर मागच्याच वर्षी हातात येऊन संपलेले असतात. सेटिंगमध्ये बँक लेजर त्या रिव्हर्सलमधून काढून टाका.